शिरोरेषा, तीन पिक्सेल आणि सम

लघुपट संपतो, पडदा काळा होतो आणि नावं खालून वर सरकू लागतात. नेमक्या याच वेळी मराठी नामावली इंग्रजीपेक्षा लवकर थरथरते. संगणक तोच, संकलनाचं सॉफ्टवेअर तेच, वेगही तोच. तरी मराठी अक्षरं अडखळत वर जाताना दिसतात. याचं कारण शिरोरेषा. एखादी वस्तू उभ्या दिशेने सरकत असली की तिच्यातल्या उभ्या रेघा स्वतःच्याच वाटेवरून पुढे जातात, त्यामुळे त्यांच्या हालचालीतलं वेडंवाकडं फारसं कळत नाही. आडवी रेघ मात्र सगळं उघड करते. रोमन लिपीत आडव्या रेघा तुटक आणि लहान असतात. देवनागरीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग आडवी रेघ असते, तीही जेमतेम तीन-चार पिक्सेल जाडीची. दोषाचा माग काढायला याहून चांगलं साधन सापडणार नाही.

त्यामुळे मराठीत नामावली करणाऱ्याला एक गोष्ट मुळापासून समजून घ्यावी लागते. पडद्यावर सरकणं, मावळणं, विरणं असं खरं काहीच नसतं. असतात त्या पायऱ्या. सेकंदाला २५ स्थिर चित्रं आपल्यापुढे येतात आणि प्रत्येक चित्रात नावं आधीपेक्षा थोडी वर असतात. चित्र काळं होतं तेही उजेडाच्या मोजक्या पायऱ्या उतरत. संगीत विरतं तेही ठरावीक मापाने. पायऱ्या डोळ्याला किंवा कानाला सारख्या वाटल्या तर शेवट मऊ वाटतो. एखादी लहानमोठी झाली की तो खडबडतो. लघुपटाचा शेवट रचणं म्हणजे या तीन जिन्यांच्या पायऱ्या आखणं.

उदाहरण एकच घेऊ आणि त्याचाच हिशेब शेवटपर्यंत नेऊ. समजा, बिबवेवाडीत अप्पर इंदिरानगरच्या चढावरच्या एका इमारतीच्या गच्चीवर शेवटचं दृश्य चित्रित झालं आहे. दिवेलागणीची वेळ. एक आजोबा वाळत घातलेले कपडे काढून आत जातात. गच्ची रिकामी राहते, एक बल्ब जळत असतो, मागे गडद निळं आकाश. मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न लांबून येतात, खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी होते. चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेमचं, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि घरातल्या ट्यूबलाइटखाली याच मापाला चित्र लुकलुकत नाही. पडदा १९२० बाय १०८० पिक्सेलचा. शेवटी ३६ ओळींची नामावली आणि तिच्यासाठी खास केलेलं ४८ सेकंदांचं संगीत.

बहुतेक जण इथे संगीताच्या लांबीपासून सुरुवात करतात. नामावलीचा थर टाइमलाइनवर ठेवायचा, त्याचं टोक ओढून संगीताच्या टोकाला भिडवायचं, झालं. मूळ दुखणं इथेच आहे, कारण अशाने वेग आपण ठरवत नाही, तो उरतो. वेग आधी ठरवावा, आणि तो पूर्णांकात ठरवावा: प्रत्येक फ्रेमला इतके पूर्ण पिक्सेल. २ पिक्सेलचा वेग घेतला तर एका ओळीला तळापासून माथ्यापर्यंत जायला २१.६ सेकंद लागतात; एवढ्यात प्रेक्षक उठून चप्पल शोधू लागतो. ४ पिक्सेलला १०.८ सेकंद लागतात. नावं वाचता येतात, पण उड्या मोठ्या झाल्याने शिरोरेषा दुहेरी भासू लागते. ३ पिक्सेलला १४.४ सेकंद. लघुपटासाठी मला हा वेग सगळ्यात समाधानकारक वाटतो. त्याचा आणखी एक फायदा असा की हीच फिल्म कुणी ७२० ओळींच्या पडद्यावर पाहिली, तर सगळं दोन-तृतीयांश होतं आणि ३ चे बरोबर २ पिक्सेल होतात. ४ चे होतात २.६७, म्हणजे पुन्हा अपूर्णांक.

आता उंची मोजू. अक्षरं साधारण ४४ पिक्सेलची, आणि एका ओळीपासून दुसरीपर्यंत ६६ पिक्सेल. इंग्रजी नामावलीचा साचा घेतला तर एवढी जागा उधळपट्टी वाटेल, पण आपल्या ओळीला वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार असतो, खाली उकार आणि जोडाक्षराचं पोट असतं. ओळी जवळ आणल्या की ‘कुलकर्णी’चा उकार खालच्या ‘शिर्के’च्या रफारावर टेकतो. तर ३६ ओळींचे २३७६ पिक्सेल, आणि कलाकार, तंत्रज्ञ, संगीत, ऋणनिर्देश अशा विभागांमध्ये ८४ पिक्सेलच्या सहा मोकळ्या जागा, म्हणजे ५०४. एकूण पट्टी २८८० पिक्सेल उंच. पहिली ओळ पडद्याखालून निघून शेवटची ओळ वर नाहीशी होईपर्यंत पट्टीला स्वतःची उंची अधिक पडद्याची उंची कापावी लागते: ३९६० पिक्सेल. फ्रेमला ३ पिक्सेल, म्हणजे १३२० फ्रेम, म्हणजे ५२.८ सेकंद.

संगीत मात्र ४८ सेकंदांचं आहे. टोक ओढून ते जुळवलं तर १२०० फ्रेममध्ये ३९६० पिक्सेल, म्हणजे फ्रेमला ३.३. हा दशांशच घात करतो. ०.३ पिक्सेल अशी जागा पडद्यावर नसते, म्हणून सॉफ्टवेअर रेघेच्या कडेचा उजेड शेजारच्या दोन ओळींत वाटून देतं. रेघ एका फ्रेममध्ये लख्ख, पुढच्यांत पुसट, आणि बरोबर दहा फ्रेमनंतर पुन्हा लख्ख. सेकंदाला अडीच वेळा ही धडधड होते. काही सॉफ्टवेअर कड पुसट न करता जागा जवळच्या पूर्णांकावर नेतात; मग रेघ लख्खच राहते, पण तिची चाल तीन, चार, तीन, तीन, चार अशी लंगडी होते. पडद्यावरच्या सगळ्या शिरोरेषा हे एकदम करतात तेव्हा अख्खा पडदा कापतो.

सुटका दोन वाटांनी होते. एक म्हणजे पट्टी ३६० पिक्सेलने आखूड करणं: ओळींमधलं अंतर ६० आणि विभागांमधलंही ६० केलं की उंची २५२० होते आणि ३ च्या वेगाला बरोबर १२०० फ्रेम लागतात. दुसरी वाट मला जास्त आवडते. पट्टीला हात न लावता संगीतच १२० फ्रेम उशिरा सुरू करायचं. तेवढ्या वेळात पहिलं नाव ३६० पिक्सेल, म्हणजे पडद्याचा एक-तृतीयांश भाग चढून आलेलं असतं, आणि त्याच्यासोबत असतो फक्त गच्चीवरचा आवाज. आजोबांच्या जगातून प्रेक्षक एकदम उपटला जात नाही.

गणित जुळूनही नावं हलतात असं कधी कधी होतं. याची तीन कारणं मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. पहिलं, हालचालीच्या दोन्ही टोकांना सॉफ्टवेअर आपण होऊन वेग हळू करतं. इतर ठिकाणी हे सुंदर दिसतं, नामावलीत ते नको. वेग पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत सरळ हवा. दुसरं, पट्टीची उंची विषम असणं. बरीच सॉफ्टवेअर चित्राची जागा त्याच्या मध्यबिंदूवरून मोजतात. २८८१ पिक्सेलच्या पट्टीचा मध्य अर्ध्या पिक्सेलवर पडतो आणि सगळी नावं सुरुवातीपासून किंचित पुसट दिसतात.

तिसरं कारण सगळ्यात चकवणारं आहे. १३२० फ्रेमचा थर घेतला, पहिल्या फ्रेमवर सुरुवातीची जागा नोंदवली, शेवटच्या फ्रेमवर अखेरची. पण १३२० फ्रेममध्ये अंतरं १३१९ असतात. वेग ३ न राहता ३.००२३ होतो. एवढ्याने काय होणार, असं वाटतं. होतं असं, की हा कणभर फरक साचत जातो. साधारण ४४० फ्रेममध्ये त्याचा एक पूर्ण पिक्सेल होतो, म्हणजे नावं सुरुवातीला लख्ख, नवव्या सेकंदाच्या सुमाराला पुसट, साडेसतराव्या सेकंदाला पुन्हा लख्ख. पाहणाऱ्याला वाटतं आपलेच डोळे थकले. अखेरची जागा १३२१व्या फ्रेमवर, म्हणजे थराच्या एक फ्रेम पलीकडे नोंदवली की दोष जातो. तपासायचं असेल तर चित्र चौपट मोठं करून एखाद्या शिरोरेषेवर नजर ठेवावी आणि एकेक फ्रेम पुढे जावं. प्रत्येक वेळी तीनच पिक्सेल, आणि कड प्रत्येक वेळी तेवढीच धारदार असली पाहिजे. थराच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी अशा तीन जागी हे पाहावं.

चालवून पाहताना मात्र लॅपटॉपवर विश्वास टाकू नये. त्याचा पडदा बहुधा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो आणि ६० ला २५ ने पूर्ण भाग जात नाही. काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा. तिथली थरथर त्या पडद्याची असते. ५० हर्ट्झवर चालणारा टीव्ही किंवा मॉनिटर मिळाला तर प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते आणि खरं काय ते कळतं.

अक्षरांबद्दल थोडं. बारीक वजनाचा फॉन्ट टाळावा. शिरोरेषा तीन पिक्सेलपेक्षा कमी जाड झाली तर पुढे कुठेही चित्र लहान केलं की ती फुटते. एक टाइपचा ‘मुक्ता’ अनेक वजनांत मिळतो, त्यातलं मध्यमापेक्षा जड वजन घ्यावं. रंग शुभ्र पांढरा नको, राखेकडे झुकणारा असावा, कारण काळ्यावरचा प्रखर पांढरा हलताना मागे छाया सोडतो. नावं कुणी श्रीलिपीत टाइप करून पाठवली असतील तर आधी युनिकोडमध्ये नेऊन प्रत्येक नाव त्या त्या माणसाला दाखवावं. प्रीमियरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांची मांडणी दक्षिण आशियाई लिप्यांसाठी बदलून घ्यावी लागते, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर पडते. पुष्कळांनी या फिल्मसाठी एक पैसाही घेतलेला नसतो. त्यांना मिळणारा मोबदला म्हणजे ही एक ओळ, आणि तीच चुकीची छापणं फार वाईट.

आता चित्राचा जिना. आपलं शेवटचं दृश्य अंधारं आहे. साध्या, आठ बिटांच्या व्हिडिओत काळा रंग १६ या आकड्यावर असतो आणि पांढरा २३५ वर. दिवेलागणीचं आकाश समजा ४६ वर आहे. म्हणजे त्याला काळं व्हायला फक्त ३० पायऱ्या उतरायच्या आहेत. आपल्याला वाटतं, हळवं दृश्य आहे, चित्र सावकाश मावळू द्यावं, आणि आपण तीन सेकंद देतो, म्हणजे ७५ फ्रेम. ३० पायऱ्या ७५ फ्रेमवर पसरल्या की आकाश दोन-तीन फ्रेम एकाच पायरीवर थांबतं, मग एकदम खाली येतं. त्यातही आकाश वरपासून खालपर्यंत एकसारखं नसतं. ४६ चा भाग आणि ४५ चा भाग वेगवेगळ्या क्षणी उतरतात आणि त्यांच्या सीमा पट्ट्यांसारख्या आकाशातून सरकत जातात. सावकाश केल्याने मऊपणा यावा म्हणून धडपडलो आणि पायऱ्या उघड्या पडल्या.

म्हणून अंधारं चित्र मावळवायला कमी वेळ द्यावा आणि उजळ चित्राला जास्त देता येतो. भर दुपारचं दृश्य २०० पायऱ्यांवरून उतरतं, त्याला तीन सेकंद सहज मानवतात. आपल्या गच्चीला ३० ते ३६ फ्रेम पुरतात. तेव्हा जवळजवळ प्रत्येक फ्रेमला एक पायरी पडते. आणखी सावकाश हवंच असेल तर चित्रावर अगदी बारीक दाणा टाकावा. मग शेजारशेजारचे पिक्सेल वेगवेगळ्या क्षणी उतरतात आणि पट्टा बनत नाही. दहा बिटांत काम केलं तर पायऱ्या चौपट होतात, त्यामुळे संकलनाच्या खोलीत सगळं सुरेख दिसतं. पण इंटरनेटवर फिल्म बहुधा आठ बिटांतच पोचते आणि तिथलं दाबणं सगळ्यात आधी दाणाच खातं. म्हणून परीक्षा चढवून झालेल्या प्रतीची घ्यावी, अंधाऱ्या खोलीत.

मावळताना आणखी एक गोष्ट घडते, ती ओळखून वापरावी. अंधाऱ्या जागा आधी बुडतात, उजळ जागा शेवटपर्यंत तगतात. आपल्या दृश्यात आधी दोरी जाईल, मग कठडा, मग आकाश, आणि सगळ्यात शेवटी राहील तो बल्ब. दिग्दर्शकाला शेवटी बल्ब हवा असेल तर उत्तमच. आकाश हवं असेल तर बल्ब चौकटीबाहेर ठेवायला हवा होता, आणि ते चित्रीकरणाच्या दिवशीच ठरतं. उजेड खऱ्या प्रकाशाच्या मापाने अर्धा करणारं सॉफ्टवेअर असेल, तर निम्मा वेळ उलटला तरी चित्र जेमतेम मंद झालेलं दिसतं आणि मग शेवटी धपकन पडतं. अशा वेळी मावळण्याची रेघ हाताने वाकवून घ्यावी.

आवाजाचा जिना याहून फसवा आहे, कारण कान पटीने ऐकतो. चार सेकंदांत आवाज सरळ रेषेत शून्यावर आणला, तर दोन सेकंदांनी तो निम्मा झालेला असतो. निम्मा म्हणजे फक्त ६ डेसिबल खाली. ऐकणाऱ्याला तो थोडासा उतरल्यासारखा वाटतो. तीन सेकंदांनी १२ डेसिबल. ३.६ सेकंदांनी २०. उरलेला सगळा उतार शेवटच्या ०.४ सेकंदात होतो, आणि आवाज विरण्याऐवजी दार लावल्यासारखा बंद होतो. मग कुणी शहाणा माणूस डेसिबलच्या मापाने सरळ रेघ आखतो: चार सेकंदांत ६० डेसिबल, सेकंदाला १५. ते कागदावर बरोबर दिसतं, पण सभागृहात पंखे आणि वातानुकूलन यांचा स्वतःचा आवाज असतो. साधारण ४० डेसिबल खाली गेलेलं संगीत त्याच्याखाली बुडालेलं असतं, म्हणजे चारातले शेवटचे सव्वा सेकंद कुणालाच काही ऐकू येत नाही आणि विरणं घाईचं वाटतं. चांगली रेघ या दोघींच्या मधून जाते: सुरुवातीला सावकाश, मध्ये डेसिबलच्या मापाने सम, शेवटी पुन्हा सावकाश. मध्यावर आवाज १० ते १५ डेसिबल खाली असेल, तर बहुधा कानाला तो योग्य वाटतो.

पण मुळात संगीत विरवायचंच का? आपलं ४८ सेकंदांचं संगीत समजा केरव्यात बांधलेलं आहे, मिनिटाला १२० मात्रा. आठ मात्रांचं आवर्तन चार सेकंदांचं, म्हणजे बरोबर १२ आवर्तनं. बाराव्याच्या शेवटी वादक समेवर येतो आणि नेमक्या त्याच फ्रेमवर, आपण संगीत १२० फ्रेम उशिरा सुरू केल्यामुळे, शेवटची ओळ पडद्याबाहेर जाते. इथे रेघ खाली ओढायचं कारणच उरत नाही. समेचा ठोका पडू द्यावा, वाद्याची आस आपोआप मिटू द्यावी. तिला दोन सेकंद काळा पडदा द्यावा. ज्याच्या कानात ताल मुरला आहे त्याला आवर्तनाच्या मध्ये विरलेलं संगीत तोडल्यासारखंच वाटतं, रेघ कितीही मऊ असो. विरवण्याची कारागिरी खर्च करावी ती गच्चीच्या आवाजावर, कारण ट्रकांच्या हॉर्नना सम नसते. चित्र ३६ फ्रेममध्ये काळं झालं तरी तो आवाज तसाच चालू ठेवावा, एक सेकंद नुसता काळा पडदा ठेवावा, नामावली निघावी, आणि संगीत सुरू झाल्यावर त्याच्याखाली चार-पाच सेकंदांत हा आवाज ओसरावा. चित्र आणि आवाज एकाच फ्रेमवर संपले तर वीज गेल्यासारखं वाटतं.

हे शेपूट हेडफोन लावूनच ऐकावं. बिबवेवाडीतल्या रस्त्याकडेच्या खोलीत बसून काम करणाऱ्याला बाहेरचा हॉर्न आणि ध्वनिपट्टीवरचा हॉर्न यांत फरक कळत नाही, आणि चित्र काळं झाल्यावर दिग्दर्शकाने हळूच म्हटलेलं ‘कट’ तिथेच लपून राहतं. ते पहिल्यांदा ऐकू येतं शंभर माणसांच्या सभागृहात.

सभागृहाचा विषय निघाला म्हणून शेवटची अडचण. महोत्सवासाठी डीसीपी बनवताना बरेचदा सेकंदाला २४ फ्रेम मागतात. आपली फिल्म २५ ची. रूपांतर करणाऱ्याने लांबी तीच ठेवून दर २५ फ्रेममधली एक गाळली, तर कथेत कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण नामावलीत दर सेकंदाला एकदा ३ ऐवजी ६ पिक्सेलची उडी पडेल. दोन फ्रेम एकमेकींत मिसळल्या तर दर सेकंदाला शिरोरेषा दुहेरी होतील. एकही फ्रेम न गाळता सगळी फिल्म सेकंदाला २४ च्या चालीने चालवली, तर पायऱ्या शाबूत राहतात: १३२० फ्रेमला ५५ सेकंद लागतात, संगीताचे ४८ सेकंद ५० होतात, सम त्याच फ्रेमवर येते. बदलतो तो सूर. षड्ज अर्ध्या स्वरापेक्षा कमी, पण जाणकाराला खटकेल इतका उतरतो, म्हणून ध्वनी ताणताना सूर राखणारी पद्धत वापरायला सांगावं. तसंच १९२० रुंदीचं चित्र १९९८ च्या चौकटीत ताणून बसवू देऊ नये. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहिली तरी चालेल, कारण ताणलं की उंचीही वाढते आणि ३ पिक्सेलचे ३.१२ होतात. प्रयोगशाळेकडून चाचणीची प्रत येईल तेव्हा वेळ कमी असेल तर फिल्म पाहू नका, शेवटचं मिनिट पाहा, आणि त्यातही एखाद्या लांब नावाची शिरोरेषा.